हॉटेल सुरू करताय? शेजाऱ्यांना द्यायचं शुभारंभाचं पत्र असं लिहा

नाशिकमध्ये नवं हॉटेल उघडलं की पहिल्या आठवड्यात आत डोकावतात ती आसपासची माणसं, आणि पहिली तक्रारही त्यांचीच येते. तरीही बहुतेक मालक फ्लेक्सवर आणि इन्स्टाग्रामवर खर्च करतात आणि समोरच्या सोसायटीला एक ओळही लिहीत नाहीत. लिहिलीच तर ती जाहिरात असते, 'चवीचा नवा अध्याय' वगैरे. पंधरा पावलांवर राहणाऱ्याला त्या अध्यायाशी देणंघेणं नसतं. माझ्या पार्किंगसमोर कोण गाड्या लावणार, रात्री किती वाजेपर्यंत आवाज येणार, धूर कुठे जाणार, हे त्याला विचारायचं असतं. चांगलं पत्र या प्रश्नांना आधी उत्तर देतं आणि मग जेवायला बोलावतं.

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. समजा, इंदिरानगरमधल्या एका आतल्या रस्त्यावर, चार मजली इमारतीच्या तळमजल्याचा गाळा घेऊन एक जोडपं खानदेशी जेवणाचं हॉटेल काढतंय. शेवभाजी, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वरण-बट्टी. बसायला ३६ जागा. आसपास चार सोसायट्या, मिळून ७२ घरं. त्याच रस्त्यावर ३० दुकानं: किराणा, मेडिकल, सलून, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, एक दवाखाना.

आधी तारीख, मग पत्र

पत्र लिहायला बसण्याआधी तारीख पक्की हवी. ती पंचांग पाहून आणि मनाला विचारून पक्की होत नाही. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक हातात आलाय, महावितरणचं मीटर बसलंय, गॅस सुरू झालाय, चिमणी चालते आणि घरच्या माणसांना बसवून एकदा पूर्ण जेवण काढून झालंय, एवढं झालं की तारीख छापा. चिमणीवाला 'परवा नक्की' म्हणतो आणि आठ दिवसांनी येतो, हे ज्यांनी गाळ्याचं काम केलंय त्यांना सांगायला नको. छापलेल्या पत्रावर पेनाने तारीख बदलून वाटणं फार वाईट दिसतं.

मुहूर्ताचं काय? पूजा मुहूर्तावर करा, बेलाशक करा. पण शेजाऱ्यांना त्याच वेळी बोलवायलाच हवं असं नाही. दसऱ्याला आणि पाडव्याला दुकानदार स्वतःच्या दुकानाची पूजा आणि गिऱ्हाईक सोडून येणार नाहीत आणि घरोघर श्रीखंड-पुरीचा बेत असतो. पितृपक्षात नवीन काही सुरू केलेलं अनेकांना रुचत नाही. मांसाहारी हॉटेल श्रावणात उघडण्यात अर्थ नाही. संकष्टी आणि एकादशी टाळा. रविवार संध्याकाळचा मोह होतो, पण त्या दिवशी रस्त्यावरून जाणारी गर्दीही आत शिरते आणि न सरावलेलं स्वयंपाकघर कोलमडतं. आमच्या उदाहरणातल्या जोडप्याने पूजा सकाळी घरच्यांसोबत उरकून बुधवारची दुपार आणि संध्याकाळ शेजाऱ्यांसाठी ठेवली असं धरू.

नगरसेवक किंवा आमदारांच्या हस्ते फीत कापायची असेल तर तीही सकाळीच उरका. पाहुण्यांसोबत येणारी मंडळी आणि शेजारची आजी एकाच वेळी आत आली, तर बसायला जागा कुणाला मिळते ते सांगायला नको.

किती जण येतील याचा हिशोब

पत्रात काय द्यायचं कबूल करायचं, ते या हिशोबावर ठरतं. म्हणून हा कागदावर मांडा.

७२ घरं, घरटी तीन माणसं धरली तर २१६. जागा ३६. छोटी प्लेट खायला अर्धा तास धरला तर तासाला ७२ जण बसायला हवेत, पण टेबल पुसणं, मालकाशी दोन शब्द बोलणं, 'अजून थोडं भरीत द्या' यात वेळ जातो. तासाला ५० धरा. सहा ते नऊ या तीन तासांत १५०. म्हणजे सगळे आले तर जागा पुरत नाही, आणि सगळे सात वाजताच आले तर रस्त्यावर रांग लागते. यावर उपाय एकच. दोन सोसायट्यांना सहा ते साडेसात ही वेळ द्या, उरलेल्या दोघींना साडेसात ते नऊ. एका गटात ३६ घरं, १०८ माणसं. त्यातली दोन तृतीयांश आली तर ७२. दीड तासात ७५ जणांची सोय आहे, निभतं. त्याहून जास्त लोकांनी येतो म्हणून कळवलं तर काहींना दुसऱ्या दिवशीची वेळ द्या. तेवढ्यासाठीच पत्रात 'किती जण येणार ते कळवा' ही ओळ हवी.

आता स्वयंपाकघराकडून बघा. कळण्याची भाकरी थापून, भाजून तव्यावरून उतरायला अडीच मिनिटं लागतात. प्रत्येकाला अर्धी दिली तरी दीड तासात ३७-३८ भाकऱ्या लागतील. एका तव्यावर तेवढ्या वेळात जेमतेम ३६ होतात. म्हणजे दोन तवे आणि दोन थापणारे हात हवेत, नाहीतर पत्रात भाकरीचं नाव घालू नका. गरम भाकरी लिहून पोळी वाढली की लोक हसून खातात आणि घरी जाऊन बोलतात.

निमंत्रण की सवलत?

इथे नवखे सर्वांत जास्त घोटाळा करतात. आपल्याकडे घरी येऊन हातात पत्र दिलं, 'अगत्याने या' म्हटलं, की ते जेवणाचं निमंत्रण होतं. त्यानंतर टेबलावर बिल ठेवणं हा अपमान समजला जातो, मग त्यावर वीस टक्के सवलत असो की चाळीस. म्हणून एक काय ते ठरवा. फुकट द्यायचं असेल तर थोडंच द्या, पण ते नेमकं काय आहे हे लिहा: भरीत, शेवभाजी, अर्धी भाकरी, ताक. परवडत नसेल तर फक्त चहा आणि गोडाचा एक घास ठेवा आणि तसंच लिहा, 'चहापानासाठी यावे'. चहाला बोलावून चहा देणारा माणूस कुणाला खटकत नाही. सवलत द्यायचीच असेल तर ती पुढच्या पंधरा दिवसांसाठी पत्राच्या खालच्या तुकड्यावर द्या, शुभारंभाच्या दिवशी नको.

आणि 'आहेर किंवा पुष्पगुच्छ आणू नयेत' ही ओळ घाला. दुकानदार हात हलवत यायला संकोचतात, आणि गुच्छ आणायला वेळ नाही म्हणून येतच नाहीत.

दोन पत्रं लिहा

रहिवासी आणि दुकानदार यांना एकच पत्र चालेल असं वाटतं. चालत नाही. घरातल्या माणसाला आवाज, धूर, कचरा आणि पार्किंगची चिंता असते आणि त्याला संध्याकाळी वेळ असतो. दुकानदाराला त्याच्या शटरसमोर तुमच्या गिऱ्हाइकाची मोटरसायकल नको असते, दुपारचा डबा जागेवर मिळाला तर हवा असतो, आणि संध्याकाळी सहा ते नऊ ही त्याची धंद्याची वेळ असते. त्याला साडेतीन ते साडेपाचमध्ये बोलवा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं.

रहिवाशांचं पत्र असं होईल:

> ॥ श्री ॥
>
> __________ परिवार यांस,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या सोसायटीच्या वळणावर, पूर्वी जिथे फर्निचरचे दुकान होते त्या गाळ्यात, आम्ही खानदेशी जेवणाचे हॉटेल सुरू करत आहोत. आम्ही पती-पत्नी ते स्वतः चालवणार आहोत. आम्ही मूळचे चोपड्याचे. गेली काही वर्षे नाशिकमध्येच राहतो.
>
> हॉटेल पूर्ण शाकाहारी असून येथे मद्य मिळणार नाही. वेळ सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते १०.३० राहील. वांगी भाजण्याचा धूर आपल्या घरांत येऊ नये म्हणून चिमणीचा पाइप गच्चीच्या वर नेला आहे. बाहेर स्पीकर लावणार नाही. ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवून रोज घंटागाडीत दिला जाईल. गाड्या लावण्यासाठी गाळ्यासमोर सहा दुचाकींची जागा आहे. आपल्या फाटकासमोर कोणी गाडी लावली तर खालील क्रमांकावर फोन करावा, आमचा माणूस ती लगेच हलवील.
>
> बुधवार, दि. ______ रोजी संध्याकाळी ६ ते ७.३० या वेळेत आपण सहकुटुंब यावे. भरीत, शेवभाजी, भाकरी आणि ताक असा छोटा बेत आमच्याकडून आहे. आहेर किंवा पुष्पगुच्छ आणू नयेत. किती जण येणार ते मंगळवारपर्यंत कळवल्यास आम्हाला सोय करता येईल.
>
> आपले,
> (दोघांची नावे)
> (हॉटेलचे नाव, पत्ता)
> फोन / व्हॉट्सॲप: ______

या पत्रातली एकेक ओळ का आहे ते पाहा. 'पूर्वी जिथे फर्निचरचं दुकान होतं' हे वाचताच माणसाला जागा डोळ्यांसमोर येते. सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर वाचून येत नाही. 'चोपड्याचे' या शब्दावर इंदिरानगर-सिडकोकडची जळगाव-धुळ्याची घरं थांबतात, कारण भरिताच्या बाबतीत ती चोखंदळ असतात. तुम्ही खानदेशातले नसाल तर तसं भासवू नका, स्वयंपाक कोण करतं ते लिहा. शाकाहारी आणि मद्य नाही ही ओळ अनेक सोसायट्यांत पहिली वाचली जाते. तुमच्याकडे मांसाहार असेल तर तोही सरळ लिहा. उद्घाटनानंतर कळलं तर लपवलं असं होतं.

धुराची ओळ सर्वांत जपून लिहायची. वांगी थेट आचेवर भाजली की सालीचा धूर निघतो आणि तो पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. पाइप पहिल्या मजल्याच्या उंचीवर संपत असेल तर पत्रात 'धुराची व्यवस्था केली आहे' लिहून काही होत नाही; तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी पत्र हातात घेऊन उभे राहतात. जे प्रत्यक्ष केलंय तेवढंच लिहा. स्पीकरचंही तसंच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे 'दहानंतर लावणार नाही' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. बाहेर लावणारच नाही असं म्हणता येत असेल तर म्हणा.

पत्रावर 'श्री. व सौ.' छापू नका. कुठे आजोबा एकटे राहतात, कुठे आई आणि मुलगी. 'परिवार' सगळ्यांना बसतो. इमारतीच्या खालच्या नावांच्या पाटीवरून आडनावं लिहून घ्या, पण वॉचमनला एकदा विचारा. पाटीवर अजून जुनीच नावं असतात आणि घरात भाडेकरू राहत असतो.

दुकानदारांचं पत्र आखूड ठेवा, कारण ते काउंटरवर उभ्यानं वाचलं जातं:

> श्री. __________,
> (दुकानाचे नाव)
>
> नमस्कार.
>
> आपल्याच रस्त्यावर, फर्निचरच्या जुन्या गाळ्यात, आम्ही खानदेशी जेवणाचे हॉटेल सुरू करत आहोत. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या आपल्या शटरसमोर लागणार नाहीत याकडे गर्दीच्या वेळी आमचा माणूस लक्ष देईल.
>
> या रस्त्यावरील दुकानांत दुपारचे जेवण पोहोचवण्याची सोय आहे. सकाळी ११.३० पर्यंत सांगितल्यास १ ते १.३० दरम्यान डबा मिळेल. दरपत्रक सोबत आहे.
>
> बुधवार, दि. ______ रोजी दुपारी ३.३० ते ५.३० या वेळेत आपण व आपले सहकारी यांनी चवीसाठी अवश्य यावे. दुकान सोडणे शक्य नसेल तर फोन करावा, प्लेट जागेवर पाठवू. पुष्पगुच्छ आणू नयेत.
>
> आपले शेजारी,
> (नावे, हॉटेल, फोन)

'आपले सहकारी' हा शब्द मुद्दाम आहे. काउंटरवरचा मुलगा आणि मेडिकलमधली मुलगी रोज दुपारी डबा सांगणार आहेत, शेठ बहुधा घरून डबा आणतात. दरपत्रक सोबत द्या, कारण दुकानदार गोड शब्दांपेक्षा थाळीचा दर आधी बघतो, आणि दरात कर धरलाय का तेही विचारतो, म्हणून ते तिथेच छापा. खातं ठेवायचं, महिन्याला हिशोब करायचा, हा विषय पत्रात अजिबात काढू नका. तो ज्याच्याशी जमेल त्याच्याशी तोंडी ठरतो. लिहिलंत तर तीसही जण वही मागतील.

जवळ आणखी एखादं खाण्याचं दुकान असेल, समजा मिसळीचं, तर त्यांनाही पत्र द्या, आणि तिथे मालकाने स्वतः जावं. सकाळची मिसळ आणि दुपारची शेवभाजी यांचं गिऱ्हाईक फारसं भांडत नाही; उलट पाव संपले, गॅस संपला की पहिला फोन त्यांनाच करावा लागतो.

छपाई

ए-फाइव्ह आकाराचा साधा पांढरा कागद, एका बाजूला मजकूर, अक्षर आजी-आजोबांना चष्म्याशिवाय निदान अंदाजाने वाचता येईल एवढं मोठं. चकचकीत कागद आणि पदार्थांचे फोटो नकोत. त्यांनी पत्राचं पुन्हा पत्रक होतं आणि ते पेपरातल्या बाकी पत्रकांसोबत रद्दीत जातं.

प्रेसला मजकूर पाठवताना फाइलसोबत पीडीएफही पाठवा. मोबाइलवर टाइप केलेली मराठी प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये उलटली की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो आणि 'शुभारंभ'चा अनुस्वार गायब होतो. प्रूफ छापील कागदावर मागा आणि मजकूर न लिहिलेल्या माणसाकडून वाचून घ्या. फोन नंबर मात्र वाचून तपासू नका. प्रूफवरून पाहत कुणाला तरी तो डायल करायला सांगा. तुमचा फोन वाजला तरच छापायला द्या. वार आणि तारीख जुळते का हेही कॅलेंडर समोर धरून पाहा.

आमच्या हिशोबात १०२ पत्रं लागतात. १२० छापा. रहिवाशांच्या पत्रात वेळेचा फरक असल्याने दोन वेगळे गठ्ठे करा आणि त्यांवर सोसायटीचं नाव लिहा, नाहीतर वाटताना हमखास सरमिसळ होते.

वाटप

पहिलं पत्र देवापुढे ठेवायची रीत आहे. नाशिकमध्ये कुणी नवश्या गणपतीला ठेवतं, कुणी काळारामाला, कुणी घरच्या देवाला. दुसरं पत्र सोसायटीच्या चेअरमन किंवा सेक्रेटरींना. त्यांना न भेटता थेट दारोदार फिरलात तर 'इथे पत्रकं वाटायला बंदी आहे' म्हणून वॉचमन अडवतो, आणि त्याचं बरोबर असतं. त्यांना आधी भेटून पत्र वाचायला द्या. त्यांनी एखादी अट सांगितली, म्हणजे डिलिव्हरीची मुलं जिन्याखाली बसायला नकोत वगैरे, तर ती ऐकून घ्या. छपाईआधी गेलात तर ती ओळ पत्रातही घालता येते. म्हणून ही भेट छपाईआधी झालेली बरी.

घरोघरची पत्रं पाच दिवस आधी द्या, दुकानांची तीन दिवस आधी. त्याहून लवकर दिलेलं पत्र फ्रिजवर चुंबकाखाली जातं आणि विसरलं जातं. घरी जायची वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ, किंवा रविवारी सकाळी दहानंतर. दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका. दोघांनी मिळून जा. बाई सोबत असली की दार लवकर उघडतं आणि बोलणंही लांबतं. दारात एक मिनिटापेक्षा जास्त उभं राहू नका: नाव, गाळा कुठला, बुधवारी या, एवढं पुरे. दार बंद असेल तर पत्र फटीतून सरकवू नका, दुसऱ्या दिवशी परत जा. दोनदा बंद मिळालं तर पेटीत टाका आणि यादीत खूण करा.

दुकानात पत्र देताना गिऱ्हाईक असेल तर बाहेर थांबा. हे लहान वाटतं, पण दुकानदार तेवढंच लक्षात ठेवतो.

आदल्या दिवशीची आठवण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींनी टाकली तर उत्तम. स्वतः ग्रुपमध्ये घुसून जाहिरात टाकू नका. येतो म्हणून कळवलेल्यांची सोसायटीवार यादी करून ती काउंटरवर ठेवा, वांगी आणि शेव त्या आकड्यावर आणा, आणि वर पंधरा-वीस प्लेटचं सामान हाताशी ठेवा, कारण न कळवता येणारे असतातच आणि पत्र दिलंय म्हटल्यावर त्यांना परत पाठवता येत नाही.

गुरुवारी

शुभारंभाच्या दुसऱ्या दिवशी यादी काढा. जी दुकानं आली नाहीत तिथे दुपारी एकेक छोटी प्लेट आणि दरपत्रक पाठवा, दुसरा निरोप न देता 'काल येता आलं नाही ना, म्हणून' एवढंच म्हणून. आलेल्यांपैकी कुणी धुराबद्दल, आवाजाबद्दल, खुर्ची ओढल्यावर वरच्या मजल्यावर जाणाऱ्या कर्कश आवाजाबद्दल काही बोललं असेल तर ते त्याच यादीत नावापुढे लिहिलेलं हवं. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या त्याच दिवशी बसवा आणि बसवल्या म्हणून वर जाऊन सांगून या.